शब्दाच्या शेवटचा ى: ‘या’ की अलिफ मक्सूरा, आणि पुढे प्रत्यय लागला की काय होतं

प्रश्न: मला उर्दू वाचता येतं, आता अरबी शिकतेय. शब्दाच्या शेवटी बिनठिपक्यांची ‘या’ दिसली की कधी ‘ई’ वाचायचं आणि कधी ‘आ’, हे कळत नाही. त्यात प्रत्यय लागला की ‘मुस्तश्फा’मध्ये सरळ अलिफ येतो, पण ‘अला’चं ‘अलैहि’ होतं आणि तिथे ठिपक्यांची या येते. सगळं पाठच करायचं, की काही नियम आहे?

उत्तर:

नियम आहे, आणि तो एकच आहे. ى हे अक्षर ‘आ’ या उच्चारासाठी, म्हणजे अलिफ मक्सूरा म्हणून, फक्त शब्दाच्या अगदी शेवटी चालतं. पुढे काहीही जोडलं आणि ते अक्षर शेवटून आत सरकलं, की तिथे जे ऐकू येतं तेच लिहायचं. ‘आ’ ऐकू आला तर सरळ अलिफ. ‘ऐ’, ‘ई’ किंवा ‘य’ ऐकू आला तर ठिपक्यांची या. ‘मुस्तश्फाहु’ आणि ‘अलैहि’ ही तुम्हाला परस्परविरोधी वाटणारी उदाहरणं याच नियमाने चालतात. एकात ‘आ’ टिकला आहे, दुसऱ्यात त्याचा ‘ऐ’ झाला आहे.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. पहिली वाचनाची: समोरच्या कागदावर ठिपके नाहीत, मग हे अक्षर कोणतं? दुसरी लेखनाची: उच्चार माहीत आहे, मग लिहायचं कसं? दुसरीचं उत्तर नियमात बसतं. पहिलीचं मात्र कागद कुठून आला यावर अवलंबून असतं, म्हणून आधी ती घेते.

मी मुंबईत अरबी कागदपत्रांचं भाषांतर करते. बहुतेक कागद वैद्यकीय असतात: ओमान, येमेन, इराक, इजिप्त इथून उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांचे जुने रिपोर्ट आणि डॉक्टरांची पत्रं. आखाती देशांतला किंवा इराकचा छापील कागद असेल, तर शेवटच्या ‘या’ला सहसा दोन ठिपके दिलेले असतात (ي) आणि अलिफ मक्सूरा बिनठिपक्यांचा असतो (ى). तिथे डोळ्यांवर भरवसा ठेवता येतो. इजिप्तमध्ये मात्र शेवटच्या ‘या’चे ठिपके न देण्याची जुनी पद्धत आहे. छपाईत ती आहे, हाताने लिहिताना तर आहेच. ती चूक नाही, तिथली रीत आहे. त्यामुळे इजिप्तच्या कागदावर ‘फी’ (मध्ये) आणि ‘इला’ (कडे) या दोन्हींच्या शेवटी हुबेहूब एकच आकार दिसतो. उर्दूतली छोटी ये शेवटी बिनठिपक्यांचीच असते, म्हणून तुमच्या डोळ्यांना यात काही वावगं दिसत नाही. पण उर्दूत ‘मुस्तफा’, ‘ईसा’ लिहिताना त्या येवर खडी जबर देऊन ‘आ’ दाखवायची सोय आहे. रोजच्या अरबी मजकुरात तशी काही खूण नसते.

आता इजिप्तच्या पद्धतीने लिहिलेलं एक वाक्य घेऊ:

```
ذهب على إلى مستشفى فى القاهرة، ورأى الطبيب الذى أجرى له العملية
```

अर्थ असा: अली कैरोतल्या एका इस्पितळात गेला आणि ज्या डॉक्टरने त्याचं ऑपरेशन केलं होतं त्याला त्याने पाहिलं. या एका वाक्यात सात शब्द ى ने संपतात. सातही ठिकाणी आकार तोच, पण तीन ठिकाणी ‘ई’ आहे आणि चार ठिकाणी ‘आ’.

अशा वेळी मी त्या शब्दाला मनातल्या मनात ‘त्याचा’ किंवा ‘त्याला’ या अर्थाचा ‘हु’ लावून बघते. शब्द ओळखीचा असेल तर त्याचं प्रत्यय लागलेलं रूप कानावरून गेलेलं असतं, आणि तिथे अक्षर मध्ये येत असल्यामुळे ठिपके लपू शकत नाहीत. फी ला लावलं की ‘फीहि’ होतं, فيه. तिथे ‘ई’ आहे, म्हणजे मुळात या. मुस्तश्फा ला लावलं की ‘मुस्तश्फाहु’, مستشفاه. तिथे ‘आ’, म्हणजे अलिफ मक्सूरा. ‘अज्रा’ला (शस्त्रक्रिया ‘केली’) स्त्रीलिंगी ‘हा’ लावा: ‘अज्राहा’, أجراها. पुन्हा ‘आ’. इला ला लावलं की ‘इलैहि’, إليه. इथे थांबायला हवं, कारण प्रत्यय लागल्यावर या दिसली म्हणून मूळ शब्द ‘इली’ ठरत नाही. त्याच्याकडे थोड्या वेळाने येते.

‘रआ’ (पाहिलं) या शब्दात आणखी एक गंमत आहे. ‘हु’ लावला की उच्चार ‘रआहु’ होतो. ‘आ’ टिकला, म्हणजे सरळ अलिफ यायला हवा. पण त्याच्या अलीकडे आधीच हम्जाचा अलिफ (أ) उभा आहे. हम्जाचा अलिफ आणि दीर्घ ‘आ’चा अलिफ शेजारी आले की अरबीत दोन्ही मिळून मद्द असलेला एकच अलिफ लिहितात, म्हणून رأى चं رآه होतं. नियम मोडलेला नाही, त्यावर हम्जाचा नियम चढला आहे. नवशिक्यांना हा शब्द पहिल्यांदा दिसला की तो ‘रआ’चाच आहे हे ओळखू येत नाही.

उरले दोन शब्द, ‘अल्लझी’ (जो) आणि ‘अली’. या दोघांना ही कसोटी लागत नाही. ‘अल्लझी’ला सर्वनामाचा प्रत्यय लागतच नाही. तो इतका नेहमीचा शब्द आहे की तिथे अडचणही येत नाही. खरी अडचण ‘अली’ची. على हे तीन अक्षरांचं चित्र इजिप्तच्या कागदावर तीन वेगवेगळे शब्द असू शकतं: ‘अला’ म्हणजे ‘वर’, ‘अली’ हे नाव, आणि ‘अलय्य’ म्हणजे ‘माझ्यावर’. ठिपके देणाऱ्या देशांतही यातले दोनच वेगळे होतात, कारण ‘अली’ आणि ‘अलय्य’ हे दोन्ही علي असेच लिहिले जातात. शद्द दिली तरी फरक पडत नाही, दोन्हींत ती आहे. वेगळेपण फक्त लामवरच्या मात्रेत आहे आणि ती रोजच्या लेखनात कोणी देत नाही. मग वाक्याची घडण बघावी लागते. आपल्या वाक्यात ‘झहब’ (गेला) या क्रियापदाला कर्ता हवा आहे, आणि على च्या लगेच पुढे ‘इला’ आलं आहे. ‘वर’ म्हणायचं असतं तर त्याच्या पुढे नाम किंवा सर्वनाम आलं असतं, दुसरं ‘कडे’ आलं नसतं. म्हणून हा अली. वैद्यकीय कागदात रुग्णाचं नाव याच पद्धतीने लिहिलेलं असतं तेव्हा मी कागदावर समाधान मानत नाही, पासपोर्टवरचं रोमन स्पेलिंग मागवून घेते.

वाचनाची बाजू एवढी. आता लेखनाकडे, आणि मघाशी बाजूला ठेवलेल्या ‘इला’कडे.

नामं आणि क्रियापदं यांना सर्वनामाचा प्रत्यय लागला की ‘आ’ तसाच राहतो. म्हणून तिथे न चुकता सरळ अलिफ येतो. مستوى ‘मुस्तवा’ (पातळी) चं مستواه, معنى ‘मअना’ (अर्थ) चं معناها, رمى ‘रमा’ (फेकलं) चं رماه. यात अपवाद शोधत बसायची गरज नाही. ‘माझं’ म्हणायचं असेल तरी ‘आ’ राहतो आणि त्यापुढे ‘य’ येतो: ‘मुस्तवाय’, مستواي. इथे बरेच जण गोंधळून مستوي लिहितात, म्हणजे ى काढून त्याच जागी प्रत्ययाची या बसवतात. तसं केलं तर तो ‘मुस्तवी’ वाचला जातो, आणि तो सपाट, समतल अशा अर्थाचा वेगळाच शब्द आहे.

‘आ’ टिकत नाही तो तीन छोट्या शब्दांत: على ‘अला’ (वर), إلى ‘इला’ (कडे), لدى ‘लदा’ (पाशी). यांना कोणतंही सर्वनाम लागलं की ‘आ’चा ‘ऐ’ होतो: अलैहि, इलैका, लदैना. ऐकू ‘ऐ’ येतो, म्हणून लिहायची या: عليه, إليك, لدينا. ‘माझ्या’साठी मूळचा ‘ऐ’ आणि प्रत्ययाचा ‘य’ एकमेकांत मिसळून अलय्य, इलय्य, लदय्य होतात, आणि लिहिताना एकाच यावर शद्द येते. व्यवहारात पाठ करायची यादी एवढीच, तीन शब्दांची. हे बदल फक्त याच शब्दांत होतात, दिसायला तसा असलेल्या दुसऱ्या शब्दात नाही, हे दाखवायला ‘सिवा’ (शिवाय) चांगला आहे. तो سوى असाच लिहितात, अर्थानेही तो याच कुटुंबातला वाटतो, पण ‘त्याच्याशिवाय’ म्हणजे ‘सिवाहु’, ‘सिवैहि’ नाही. म्हणून سواه.

हे सगळं एका ओळीत बघायचं असेल तर कुराणाच्या दुसऱ्या सूरेतल्या 272 व्या आयतीची सुरुवात घ्या: ‘लैस अलैक हुदाहुम’, म्हणजे त्यांना सन्मार्गावर आणणं हे तुझ्यावर नाही. ‘अला’ आणि ‘हुदा’, दोन्ही ى ने संपणारे शब्द, शेजारी शेजारी, दोन्हींना प्रत्यय. खाली पहिली ओळ मुसहफमधली, म्हणजे कुराणाच्या प्रतीतली आहे, दुसरी आजच्या नेहमीच्या लेखनातली.

```
لَيْسَ عَلَيْكَ هُدَىٰهُمْ
ليس عليك هداهم
```

‘अलैक’मध्ये ‘ऐ’ आहे, म्हणून या. ‘हुदाहुम’मध्ये ‘आ’ आहे, म्हणून दुसऱ्या ओळीत सरळ अलिफ. पण पहिली ओळ नीट बघा. तिथे ‘हुदाहुम’च्या मधोमध बिनठिपक्यांचा दात तसाच आहे आणि त्यावर छोटा उभा अलिफ दिला आहे. मुसहफचं लेखन ही फार जुनी, स्वतंत्र व्यवस्था आहे. तिथे प्रत्यय लागल्यावरही अनेक शब्दांत ى चा आकार ठेवतात आणि खरा उच्चार वरच्या खुणेने दाखवतात. तुम्ही लहानपणी कुराण वाचायला शिकला असाल, तर मधला ى तुमच्या डोळ्यांत बसलेला असणार, आणि पत्र लिहिताना हात आपोआप तसाच वळणार. मी ज्यांना शिकवते त्यांच्यात ही चूक सर्वांत जास्त उर्दूकडून आलेल्यांची असते, आणि त्याचं कारण हेच. मुसहफची नक्कल करायची तर अक्षरन् अक्षर तशीच करायची. बाकी सगळीकडे आजचं लेखन.

मुळात ‘आ’साठी या का वापरली, हाही प्रश्न तुमच्या मनात येईल. कारण त्या शब्दाच्या दुसऱ्या रूपांत तिथे खरोखरच या डोकावते. ‘रमा’ म्हणजे त्याने फेकलं, पण ‘मी फेकलं’ म्हणजे ‘रमैतु’, رميت. ‘फता’ (तरुण) हा فتى, पण दोन तरुण म्हणजे ‘फतयान’, فتيان. मुस्तश्फाचं अनेकवचन ‘मुस्तश्फयात’, مستشفيات. ही रूपंही आपल्याच नियमाने लिहिली जातात. सर्वनाम नाही, द्विवचन-अनेकवचनाचा प्रत्यय आहे, पण ऐकू ‘ऐ’ किंवा ‘य’ येतो, म्हणून या. आणि फताचं स्त्रीलिंग ‘फतात’ (तरुणी) करताना ‘आ’ टिकतो, म्हणून فتاة, सरळ अलिफ.

उलट दिशेने जाताना, म्हणजे प्रत्यय काढून मूळ शब्द लिहिताना, याच जुन्या ओळखीचा उपयोग होतो. समजा तुम्ही ‘दआहु’ دعاه (त्याला बोलावलं) आणि ‘रमाहु’ رماه वाचलं. दोन्हींत मधे सारखाच अलिफ. प्रत्यय काढला की एक دعا होतो आणि दुसरा رمى. कुठला कुठला हे ठरवायला ‘मी’चं रूप म्हणून बघा. ‘दऔतु’ دعوت मध्ये वाव येतो, म्हणून शेवटी सरळ अलिफ. ‘रमैतु’मध्ये या येते, म्हणून ى. नामांना हीच परीक्षा द्विवचनाने द्यायची: ‘असा’ (काठी) चं ‘असवान’ होतं, वाव आला, म्हणून عصا. ही परीक्षा तीन अक्षरी शब्दांपुरतीच. त्याहून लांब शब्दांत जवळजवळ नेहमी ى असतो. फक्त त्याच्या लगेच आधी या असेल तर दोन या लागोपाठ नकोत म्हणून सरळ अलिफ देतात, जसं ‘दुन्या’ دنيا. यह्या हे नाव मात्र يحيى असं लिहितात, कारण ‘तो जगतो’ या अर्थाचं क्रियापद يحيا आहे आणि नाव त्यापासून वेगळं दिसायला हवं. बाहेरून आलेली नावं फ्रान्स, अमेरिका यांसारखी सरळ अलिफने संपतात. मूसा, ईसा अशी मोजकी जुनी नावं ى ने.

ईसावरून आठवलं. ‘चा, संबंधित’ या अर्थाचा ‘ई’ प्रत्यय लागला की त्या ‘आ’चा वाव होतो: मूसाचा मूसवी, ईसाचा ईसवी, عيسوي. आपण रोज लिहितो तो ‘इसवी सन’ यातूनच आला. ऐकू ‘व’ येतो, लिहायचा वाव.

शेवटी टंकलेखनाचं, कारण तुम्ही उर्दू कळफलक वापरत असाल अशी दाट शक्यता आहे. पडद्यावर सारखी दिसणारी तीन वेगळी अक्षरं आहेत:

```
ى  U+0649  अलिफ मक्सूरा
ي  U+064A  अरबी या
ی  U+06CC  फारसी-उर्दू ये
```

तिसरं अक्षर शब्दाच्या शेवटी बिनठिपक्यांचं आणि मध्ये ठिपक्यांचं दिसतं. उर्दू कळफलकावरून ‘मुस्तश्फा’ टाइप केला तर कागदावर तो अगदी बरोबर दिसतो, पण संगणकासाठी तो वेगळाच शब्द असतो. अरबी रुग्णालयाच्या नोंदीत तुम्ही पाठवलेलं नाव शोधलं आणि सापडलं नाही, तर आधी हे तपासा. विंडोजच्या नेहमीच्या अरबी 101 कळफलकावर ى ही N च्या कळीवर आहे आणि ي ही D च्या. अरबी मजकुरासाठी कळफलक बदलणं हाच उपाय, उर्दूवर काम भागवू नका.

लिहून झालेला मजकूर तपासायला मी एक सोपा शोध चालवते. आजच्या अरबी लेखनात ى च्या पुढे कुठलंही अक्षर यायला नको, म्हणून तसं जिथे आलं असेल ते शोधायचं:

```
\u0649(?=[\u0621-\u064A])
```

ज्या संपादकात रेग्युलर एक्स्प्रेशनने शोध घेता येतो आणि \u असं लिहिलेलं चालतं, तिथे हा चालतो. शब्दाच्या शेवटचे ى तो सोडून देतो, आणि तन्वीनची खूण असलेला ى (معنىً) पण सोडून देतो, कारण तन्वीन अक्षरांच्या या टप्प्यात येत नाही. जे सापडेल ते मात्र एका फटक्यात ‘सगळे बदला’ करू नका. مستشفىه सापडला तर तिथे अलिफ हवा, पण علىه सापडला तर या हवी. संगणकाला दोन्ही ठिकाणी तोच ى दिसतो. प्रत्येक शब्द ओठांवर म्हणून बघायचा, ‘आ’ येतो की ‘ऐ’ ते ऐकायचं आणि मगच दुरुस्ती करायची. उर्दू कळफलकावरून आलेला ی हा शोध पकडत नाही, त्यासाठी \u06CC वेगळा शोधावा लागतो. तो सापडला की शब्दाच्या मध्ये असेल तर तिथे ي घाला. शेवटी असेल तर पुन्हा तीच कसोटी लावा: ‘हु’ जोडून ‘ई’ आली तर ي, ‘आ’ आला तर ى, आणि अला, इला, लदा हे तीन असतील तर कसोटी न लावता ى.